सुटलेली पेन्सिल आणि पृथ्वीची निळी कड

अवकाशात माणसाने लिहायला घेतलेली पहिली नोंदवही एका सैल स्क्रूमुळे अर्धवट राहिली.

१२ एप्रिल १९६१. मॉस्कोच्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ७ मिनिटं झाली असताना बैकानूरहून रॉकेट उडालं आणि सत्तावीस वर्षांचे युरी गागारिन व्होस्तोक-१ या यानात बसून पृथ्वीभोवती फिरू लागले. त्यांच्याजवळ एक नोंदवही होती आणि तिला बांधलेली एक पेन्सिल. काय दिसतं, कसं वाटतं, यंत्रं काय आकडे दाखवतात हे ठरावीक वेळी वहीत लिहायचं आणि रेडिओवरून खालीही सांगायचं, असं ठरलं होतं. वजनरहित अवस्थेत हाताने लिहिता येतं की नाही, हीसुद्धा तेव्हा तपासून पाहण्याचीच गोष्ट होती. गागारिननी लिहिलं, आणि अक्षर पृथ्वीवर येतं तसंच आलं. थोड्या वेळाने पुढची नोंद करायला हात पेन्सिलीकडे गेला, तर पेन्सिल जागेवर नव्हती. तिच्या टोकाला दोरी अडकवण्यासाठी एक कडी छोट्या स्क्रूने बसवली होती. तो स्क्रू उलटा फिरून निघाला आणि पेन्सिल तरंगत कुठेतरी निघून गेली. स्क्रू जरा घट्ट आवळायला हवा होता किंवा गोंदाने चिकटवायला हवा होता, असं त्यांनी परत आल्यावर अहवालात सांगितलं. लिहायला काही उरलंच नाही, म्हणून त्यांनी वही मिटून खिशात टाकली आणि पुढचं सगळं बोलून नोंदवायला सुरुवात केली.

गागारिनकडे कॅमेरा नव्हता. अवकाशातून पृथ्वीचे फोटो स्वतःच्या हाताने काढणारा पहिला माणूस म्हणजे गेर्मान तितोव्ह, आणि ते गेले त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. त्यामुळे पृथ्वीच्या वातावरणाची कड बाहेरून पाहणाऱ्या पहिल्या माणसाने काय पाहिलं, याचं एकही चित्र नाही. आहेत ते फक्त शब्द: रेडिओवर बोललेले, आणि दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिलला, सरकारी आयोगापुढे दिलेल्या अहवालात सांगितलेले. मला हे शब्द अतिशय मोलाचे वाटतात, कारण ते नेमके आहेत. रंग कोणत्या क्रमाने एकापाठोपाठ आले ते गागारिननी सांगितलं, आणि तो क्रम म्हणजे आपल्या हवेची रचनाच आहे. म्हणून ती नोंद आपण एकेका रंगाने वाचू या.

उजेडातली पृथ्वी पाहताना त्यांना क्षितिजालगत एक सुंदर निळी प्रभा दिसली. पृथ्वीजवळ ती फिकट होती, वर जावं तशी गडद होत गेली आणि शेवटी पूर्ण काळ्या आकाशात मिसळली. पृथ्वीच्या उजळ पृष्ठभागापासून त्या काळ्या आकाशापर्यंतचा हा बदल त्यांच्या मनात घर करून राहिला होता, हे अहवालात जाणवतं.

सगळ्यात आधी प्रश्न येतो तो हा, की निळा रंग कडेलाच का दिसावा? हवा तर पृथ्वीवर सगळीकडे आहे. खाली पाहिलं की जमीन, समुद्र, ढग असं सगळं स्वच्छ दिसतं, मधल्या हवेचा फारसा अडसर होत नाही. याचं उत्तर घरातल्या काचेत सापडतं. खिडकीची काच समोरून पाहिली तर तिला रंगच नाही असं वाटतं. तीच काच कापलेल्या कडेने पाहा, ती हिरवी दिसते. कडेने पाहताना नजर कितीतरी जास्त काचेतून आरपार जात असते, म्हणून काचेतला पुसटसा रंगही साठून गडद होतो.

हवेचंही तसंच आहे. पृथ्वीवरची सगळी हवा समुद्रसपाटीच्या दाबाने एकसारखी पसरली, तर तिचा थर जेमतेम ८ किलोमीटर जाडीचा होईल. यानातून सरळ खाली पाहणारी नजर एवढीच हवा ओलांडते. पण क्षितिजाच्या कडेला, जमिनीला जवळजवळ चाटून जाणारी नजर हवेच्या थरात आडवी शिरते आणि पलीकडच्या बाजूने बाहेर पडते. गणित केलं तर तिच्या वाटेत सुमारे ५६० किलोमीटर भरेल एवढी हवा येते. म्हणजे उभ्या वाटेच्या ७० पट. हवेचे रेणू सूर्यप्रकाशातला निळा भाग तांबड्याच्या चार-पाच पट जास्त विखुरतात. आपल्या डोक्यावरचं आकाश त्यामुळेच निळं असतं. अवकाशातून दिसणारी निळी कड म्हणजे तेच आकाश, फक्त बाहेरून आणि आडवं पाहिलेलं.

मग ती पृथ्वीजवळ फिकट आणि वर गडद का? तळाशी हवा इतकी दाट आहे की प्रकाश एकदा विखुरला तरी पुन्हा पुन्हा विखुरतो. त्यात धूळ, बाष्प आणि ढग मिसळलेले असतात, आणि हे कण सगळेच रंग साधारण सारखे विखुरतात. म्हणून तिथे निळा रंग दुधात कालवल्यासारखा पांढुरका होतो. वर धूळ कमी होते आणि हवा विरळ होते. निळा रंग आधी शुद्ध होतो, मग त्याची चमक घटत जाते, आणि शेवटी डोळ्याला दिसेल एवढा प्रकाशच उरत नाही.

ही कड किती पातळ दिसते, याचा अंदाज घ्यायला गागारिनच्या हातून निसटलेल्या पेन्सिलीचाच उपयोग करू या. समजा यान ३०० किलोमीटर उंचीवर आहे. त्या उंचीवरून क्षितिज सुमारे २००० किलोमीटर लांब असतं, म्हणजे साधारण मुंबईहून हावड्यापर्यंतच्या रेल्वेमार्गाएवढं. आता हात सरळ पुढे करून एक साधी पेन्सिल आडवी धरा आणि क्षितिजाच्या रेषेवर टेकवा. पेन्सिलीची जाडी ७ मिलिमीटर आणि ती डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर. तेवढी पेन्सिल त्या अंतरावरच्या हवेचा जवळपास २३ किलोमीटर उंचीचा पट्टा झाकते.

त्या २३ किलोमीटरमध्ये काय काय असतं ते पाहा. एव्हरेस्ट त्यात पेन्सिलीच्या निम्म्या जाडीलाही पोचत नाही. प्रवासी विमानं निम्म्याच्या आसपास उडतात. आपल्याकडच्या पावसाळी ढगांचे सगळ्यात उंच माथे १६-१७ किलोमीटरच्या आसपास अडतात, म्हणजे तेही पेन्सिलीच्या आतच. पृथ्वीवरच्या एकूण हवेपैकी ९५ टक्क्यांहून जास्त हवा त्या पेन्सिलीआड लपलेली असते. पाऊस, वादळं, विजा, आपण आयुष्यभर घेतलेला प्रत्येक श्वास, सगळं त्या पेन्सिलीच्या जाडीत. तिच्यावर आणखी दीड-दोन पेन्सिली ठेवल्या की निळ्याची शेवटची, जवळजवळ काळी झालेली छटाही झाकली जाईल.

जमिनीवरच्या अंतराने सांगायचं तर, १८५३ साली आपल्याकडची पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ते अंतर ३४ किलोमीटर होतं. तो रूळ सरळ वर उभा केला असता तर ठाणं यायच्या आत ९९ टक्के हवा मागे पडली असती.

आता नोंदीचा दुसरा भाग. यान पॅसिफिक महासागरावरून जाताना पृथ्वीच्या सावलीत शिरलं आणि साधारण वीस मिनिटांनी दक्षिण अटलांटिकवर पुन्हा उजेडात आलं. अवकाशातून पाहिलेली ती माणसाची पहिली पहाट. गागारिननी सांगितलं की क्षितिजाजवळ नारिंगी रंग उमटला, मग एकेक रंग बदलत आकाशी, निळा, जांभळा आणि शेवटी काळा झाला. पुढे आपल्या पुस्तकात त्यांनी या रंगांची तुलना चित्रकार निकोलाय रोरिक यांच्या चित्रांशी केली. रोरिक म्हणजे कुलूच्या खोऱ्यात नग्गरला दोन दशकं राहून हिमालय रंगवणारे, १९४७ मध्ये तिथेच वारलेले रशियन चित्रकार. ही तुलना केवळ शोभेची नाही. साडेपाच किलोमीटर उंचीवर पोचलं की अर्धी हवा पायाखाली राहते. म्हणून उंच हिमालयातलं आकाश मैदानातल्या आकाशापेक्षा गडद आणि नितळ असतं. रोरिकनी पर्वतावर उभं राहून जो निळा पाहिला, तो गागारिनना दिसलेल्या पट्ट्याच्या एका पायरीवरचा होता.

नारिंगी का, हे आपण रोज संध्याकाळी पाहतो. सूर्य क्षितिजापाशी असताना त्याचा प्रकाश हवेतून लांबची आडवी वाट काढत येतो. वाटेत निळा भाग इकडेतिकडे विखुरून संपतो आणि आपल्यापर्यंत तांबडा-नारिंगी उरतो. यानापर्यंत येणारा प्रकाश ही आडवी वाट दुप्पट चालतो, कारण तो एका बाजूने हवेत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. त्यामुळे अवकाशातल्या पहाटेचा तळाचा रंग आपल्या सूर्यास्ताहूनही धगधगीत असतो.

नारिंगीच्या वर मात्र जो गडद निळा पट्टा दिसतो, त्याचं कारण वेगळं आहे. विखुरण्याने त्याचा पुरता उलगडा होत नाही. इतकी लांब वाट चालून आलेल्या प्रकाशातला निळा खरं तर आधीच कमी झालेला असतो, मग तो भाग पिवळट किंवा करडा दिसायला हवा. तो तसा दिसत नाही याचं श्रेय ओझोनला जातं. ओझोनचा दाट थर साधारण २० ते ३० किलोमीटर उंचीवर असतो. अतिनील किरणं अडवणारा वायू म्हणून आपण त्याला ओळखतो, पण तो दिसणाऱ्या प्रकाशातला पिवळा-नारिंगी भागही थोडासा शोषून घेतो. भर दुपारी उन्हाची वाट ओझोनमधून छोटी असते, तेव्हा हा परिणाम कळतही नाही. पहाटेच्या आडव्या वाटेत प्रकाशाला ओझोनमधून शेकडो किलोमीटर जावं लागतं. तेवढ्या अंतरात नारिंगी गाळला जातो आणि उरतो तो खोल, शाईसारखा निळा. त्याच्या वरची हवा इतकी विरळ आहे की तिथे रंग विझत विझत काळ्यात मिसळतात.

म्हणजे गागारिननी सांगितलेला क्रम खालून वर असा वाचता येतो: दाट हवा, तिच्यावर ओझोन, त्यावर विरळ हवा, आणि मग पोकळी. कोणतंही उपकरण हातात न घेता, फक्त रंग पाहून, माणसाने हवेचे थर पाहिले होते. पेन्सिल हरवली नसती तरी हे सावकाश लिहायला वेळ मिळाला असता असं नाही. यान दीड तासात पृथ्वीला फेरी घालतं, म्हणून सूर्य झपाट्याने वर येतो. तो समोरून सरळ उगवला तर क्षितिजापासून निळ्याच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर जेमतेम अर्ध्या मिनिटात कापतो. वर आला की त्याच्या तेजापुढे बारीक छटा दिसेनाशा होतात. जे पाहायचं ते त्या थोड्या वेळात पाहायचं आणि लक्षात ठेवायचं.

पण निळा रंग संपतो तिथे हवा संपते असं समजलं तर चूक होईल. ही कड म्हणजे भिंत नाही. साधारण १६ किलोमीटर वर गेलं की हवा एक दशांश होते, आणखी १६ किलोमीटरवर त्याचाही एक दशांश. हे असंच चालू राहतं, पूर्ण शून्य कुठेच येत नाही. निळी कड दिसेनाशी होते ती आपल्या डोळ्याची मर्यादा असते, हवेची नव्हे. आणि गागारिनच्या यानाची आखणी करणाऱ्यांनी या न दिसणाऱ्या हवेवरच एक मोठी भिस्त ठेवली होती.

यान खाली आणायला एकच इंजिन होतं. ते पेटलं नाही तर काय करायचं? उत्तर असं होतं, की कक्षाच इतकी खाली ठेवायची की तिथली अतिविरळ हवा यानाला हळूहळू अडवत राहील आणि दहा दिवसांच्या आत ते आपोआप खाली येईल. म्हणून आत दहा दिवस पुरेल एवढी सामग्री ठेवली होती. प्रत्यक्षात रॉकेटचं इंजिन ठरल्यापेक्षा जरा उशिरा बंद पडलं आणि यानाची सगळ्यात जास्त उंची २३० किलोमीटरच्या आसपास राहायची ती ३२७ किलोमीटर झाली. तिथली हवा आणखी विरळ. यान आपोआप उतरायला दहा दिवसांहून बराच जास्त काळ लागला असता, म्हणजे सामग्री आधी संपली असती. सुदैवाने आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी इंजिन वेळेवर पेटलं आणि गागारिन उड्डाणानंतर पावणेदोन तासांनी सारातोव्ह प्रांतात उतरले. खिडकीतून काळं दिसणाऱ्या भागात शंभर किलोमीटर जास्त उंची आणि कमी उंची यांत एवढा फरक होता. डोळ्याला दोन्ही सारखंच काळं दिसत होतं.

पुढच्या अंतराळवीरांनी ही कड पाहायची तयारी करून जायला सुरुवात केली. जून १९६३ मध्ये व्हालेन्तिना तेरेश्कोव्हा यांनी व्होस्तोक-६ मधून क्षितिजाचे फोटो काढले. त्या फोटोंवरून शास्त्रज्ञांना वातावरणाच्या वरच्या थरातले सूक्ष्म कणांचे पट्टे ओळखता आले. मार्च १९६५ मध्ये अलेक्सेई लिओनोव्ह गेले. अवकाशात यानाबाहेर पडलेला पहिला माणूस अशी त्यांची ओळख आहे, पण ते चित्रकारही होते. त्यांनी रंगीत पेन्सिली सोबत नेल्या आणि यानात बसून सूर्योदयाचं छोटंसं चित्र काढलं: खाली काळी पृथ्वी, तिच्या कडेवर रंगांचे थर, मध्ये सूर्य. अवकाशात काढलेलं ते पहिलं चित्र. त्यांची प्रत्येक पेन्सिल मनगटावरच्या पट्ट्याला दोऱ्याने बांधलेली होती.

ही कड बिघडते तेव्हा तेही दिसतं. १५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वायू थेट ढगांच्या वर जाऊन पोचला. तिथे पाऊस पडत नाही, त्यामुळे जे वर गेलं ते धुऊन खाली येत नाही. त्या वायूपासून गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब तयार झाले आणि जगभर पसरले. ऑगस्टमध्ये अटलांटिस शटलच्या अंतराळवीरांनी दक्षिण अमेरिकेवरून जाताना क्षितिजाचा फोटो काढला. त्यात पावसाळी ढगांच्या माथ्यांच्या वर, एरवी नितळ असणाऱ्या निळ्या पट्ट्यात, दोन काळपट रेघा एकीवर एक ठळक दिसतात. पेन्सिलीच्या जाडीत मावणाऱ्या त्या रेघांनी पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने खाली आणलं. सूर्यप्रकाशाचा थोडासा भाग त्या थेंबांनी परत अवकाशात पाठवला होता.

गागारिननी डोळ्याने जे केलं ते आज उपकरणं रोज करतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१७ पासून सेज-३ नावाचं उपकरण बसवलेलं आहे. स्थानकावरून दिवसाला पंधरा-सोळा सूर्योदय आणि तितकेच सूर्यास्त दिसतात. सूर्य कडेआडून वर येताना किंवा खाली जाताना हे उपकरण त्याच्याकडे पाहत राहतं. कोणत्या उंचीवरून येताना कोणता रंग किती कमी झाला हे मोजलं, की त्या उंचीवर ओझोन किती आणि सूक्ष्म कण किती हे कळतं. ओझोनचा थर सावरतो आहे का, एखाद्या ज्वालामुखीने वर काय फेकलं, याची उत्तरं अशाच त्या अर्ध्या अर्ध्या मिनिटांच्या मोजमापांतून मिळतात.

यातला एक रंग पाहायला यानात बसावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीतली एखादी स्वच्छ संध्याकाळ निवडा, शहराच्या दिव्यांपासून थोडं दूर जा, आणि सूर्य मावळल्यानंतर वीसेक मिनिटांनी पश्चिमेकडे न पाहता बरोबर डोक्यावर पाहा. पश्चिमेचा नारिंगी विझत असतो तेव्हा माथ्यावरचं आकाश उलट जास्त निळं, जास्त खोल झालेलं दिसेल. त्या वेळी सूर्य आपल्यासाठी बुडालेला असतो, पण त्याचे किरण उंचावरच्या ओझोनमधून अजून आडवे जात असतात, आणि वरून झिरपून येतो तो नारिंगी गाळून उरलेला प्रकाश. गागारिननी नारिंगीच्या वर जो निळा पाहिला तो हाच. त्यांनी तो बाहेरून पाहिला, आपण त्याच्या तळाशी उभं राहून पाहतो.